दोन बाळांमध्ये गॅप किती हवी, आणि ती मोजायची नेमकी कुठून?

"पहिलं दोन वर्षांचं झालं की दुसरं" असं आपल्याकडे अगदी सहज बोललं जातं, पण यातली दोन वर्षं कशापासून कशापर्यंतची हे विचारलं तर प्रत्येक घरात वेगळं उत्तर मिळतं. कुणी दोन मुलांच्या वाढदिवसांमधलं अंतर धरतं, कुणी पहिलं बाळ अंगावरचं दूध सोडेपर्यंतचा काळ धरतं. डॉक्टर जेव्हा गॅप म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात असतं पहिल्या डिलिव्हरीपासून पुढचे दिवस राहीपर्यंतचं अंतर. म्हणजे दुसऱ्या बाळंतपणाचे नऊ महिने त्यात धरलेले नसतात, आणि सगळा घोळ इथेच होतो. मुलांच्या वयात दोन वर्षांचं अंतर हवं म्हणून ठरवलं तर पहिलं बाळ सव्वा वर्षाचं असतानाच दिवस राहायला हवेत, म्हणजे आईच्या शरीराला मिळाले फक्त पंधरा महिने. घरच्यांना वाटतं आपण दोन वर्षं थांबलो, प्रत्यक्षात तेवढं थांबलेलंच नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तज्ज्ञांची बैठक घेतली होती, त्यातून आलेली शिफारस आजही सगळीकडे वापरतात: जिवंत बाळ जन्मल्यानंतर पुढच्या गरोदरपणाचा प्रयत्न करायच्या आधी किमान २४ महिने थांबा. त्यात नऊ महिने मिळवले की दोन मुलांच्या वयात साधारण ३३ महिने, म्हणजे पावणेतीन वर्षं पडतात. आपल्या सरकारी दवाखान्यात "दोन मुलांत तीन वर्षांचं अंतर" सांगतात ते याच हिशोबाच्या जवळ जाणारं आहे, फक्त तिथे जन्म ते जन्म मोजलेलं असतं. अमेरिकेतली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना थोडं वेगळं सांगते, सहा महिन्यांच्या आत तर नकोच, आणि अठरा महिन्यांच्या आत दिवस राहणार असतील तर धोके काय ते बाईला नीट समजावून सांगा. म्हणजे एकीकडे २४ आणि एकीकडे १८. हे दोन आकडे एकमेकांच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही, कारण ज्या देशात बहुतेक बायका चांगल्या एचबीने बाळंत होतात तिथली गोष्ट वेगळी आणि जिथे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त आधीच कमी आहे तिथली वेगळी. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्ताची कमतरता निघाली होती. त्यामुळे आपण २४ कडे झुकलेलं बरं.

मी बाळंतपणाच्या वॉर्डात काम करते आणि माझा अनुभव असा की नुसता आकडा सांगून काही उपयोग होत नाही, बायकांना (आणि त्यांच्या सासूबाईंना) कारण कळलं तर त्या थांबतात. म्हणून दोनच गोष्टी नीट सांगते, एक लोह आणि दुसरी सिझरची आतली जखम.

आधी लोह. एका पूर्ण गरोदरपणाला ढोबळमानाने १००० मिलीग्रॅम लोह लागतं. त्यातलं ३०० च्या आसपास बाळात आणि वारेत जातं, ५०० च्या आसपास आईचं स्वतःचं रक्त वाढतं त्यासाठी लागतं, आणि बाकीचं रोजच्या रोज शरीरातून बाहेर पडतं. डिलिव्हरीनंतर ते वाढलेलं रक्त कमी होतं तेव्हा त्यातलं काही लोह आईला परत मिळतं, पण डिलिव्हरीच्या वेळी रक्त जातंच, नॉर्मलला अर्ध्या लिटरपर्यंत आणि सिझरला लिटरच्या आसपास, त्याबरोबर लोहही जातं. सगळं जमाखर्च करून पाचेकशे मिलीग्रॅमचा खड्डा उरतो असं धरा. आता हा भरायचा कशाने, तर जेवणातून. भाकरी, भाजी, डाळ अशा आपल्या नेहमीच्या जेवणातून शरीर दिवसाला साधारण एक ते दोन मिलीग्रॅमच लोह उचलतं, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या खर्चात, पाळी सुरू झाली असेल तर पाळीत निघून जातं. शिल्लक पडतं ते अर्धा मिलीग्रॅम, फार तर एक. पाचशे भागिले एक म्हणजे पाचशे दिवस, पाचशे भागिले अर्धा म्हणजे हजार दिवस. जवळजवळ दीड वर्ष ते पावणेतीन वर्षं! गॅपचे जे आकडे आपण वर पाहिले ते या एका हिशोबाच्या किती जवळ जातात बघा. अर्थात तज्ज्ञांनी ते आकडे हा भागाकार करून काढलेले नाहीत, हजारो बाळंतपणांची माहिती तपासून काढलेत, पण आईचं शरीर इतका वेळ का घेतं ते यातून समजतं.

हे फक्त जेवणावर सोडलं तर. गोळ्या घेतल्या तर हाच खड्डा काही महिन्यांत भरतो, आणि म्हणूनच बाळंतपणानंतर सहा महिने म्हणजे १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यायची असते, तिच्यात ६० मिलीग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक ॲसिड असतं. ही गोळी गरोदरपणात घेतात, नोंदवहीत टिकही होते, पण बाळ झालं की बहुतेक घरांत ती पाकिटं कपाटात जातात, कारण आता काय बाळ बाहेर आलं ना. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू मात्र अगदी आठवणीने केले जातात. लाडू जरूर खा, अळिवात लोह आहे, ताकदही येते, पण ज्या बाईचं एचबी ९ आहे तिचा खड्डा लाडवांनी भरून निघत नाही, तिला गोळी लागतेच.

आणि बाळाचं काय? तर आईकडे लोह कमी असताना पुढचे दिवस राहिले की बाळ कमी वजनाचं होण्याची आणि वेळेआधी जन्मण्याची शक्यता वाढते, शिवाय बाळाच्या स्वतःच्या अंगात जे लोह साठवलेलं असायला हवं, पहिल्या सहा महिन्यांत ज्यावर ते चालतं, तेही कमी भरतं. २००६ साली जगभरातल्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला होता. त्यात डिलिव्हरीनंतर सहा महिन्यांच्या आत दिवस राहिलेल्या बायकांची तुलना १८ ते २३ महिन्यांनी दिवस राहिलेल्यांशी केली होती. पहिल्या गटात वेळेआधी डिलिव्हरी होण्याचं प्रमाण साधारण ४० टक्क्यांनी आणि कमी वजनाचं बाळ होण्याचं साधारण ६० टक्क्यांनी जास्त दिसलं. हे वाचून घाबरू नका, चाळीस टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या चाळीस जणींना त्रास होतो असं नाही, तर शंभरात दहा जणींना होणार असेल तर तिथे चौदा जणींना होईल, असा त्याचा अर्थ.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या बायकांना पाठोपाठ दिवस राहतात त्यांच्या घरी बऱ्याचदा आधीपासूनच अडचणी असतात, गरिबी, कमी वय, दवाखाना लांब, नवरा ऐकत नाही. मग बाळ लवकर जन्मलं ते गॅपमुळे की या सगळ्यामुळे? हे वेगळं काढायला ऑस्ट्रेलियातल्या काही संशोधकांनी एक चांगली युक्ती केली, त्यांनी एकाच आईच्या बाळांची आपापसात तुलना केली, म्हणजे आई तीच, घर तेच, फक्त गॅप वेगळी. २०१४ साली आलेल्या त्या अभ्यासात कमी गॅपचा परिणाम आधी वाटत होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. मग गॅपचं काही महत्त्वच नाही का? तर तसं नाही. ऑस्ट्रेलियातल्या पोटभर खाणाऱ्या बाईला पंधरा महिन्यांची गॅप चालून जाते म्हणून एचबी ८.५ असलेल्या आपल्या बाईला चालेल असं नाही. मी याचा अर्थ असा घेते की दिवस मोजण्याइतकंच त्या दिवसांत काय झालं तेही बघायला हवं. दोन वर्षं थांबली आणि एचबी नऊच राहिलं तर तेवढं थांबून फार काही मिळालं नाही.

आता दुसरी गोष्ट, सिझर. पोटावरचे टाके दहा-बारा दिवसांत निघतात, दीड महिन्यात बाई घरातली कामं करायला लागते, त्यामुळे सगळ्यांना वाटतं जखम भरली. पण ती वरची. आत गर्भपिशवीवर जो छेद घेतलेला असतो तिथला स्नायू पुन्हा जुळून यायला सहा ते नऊ महिने सहज जातात, हे एमआरआय करून पाहिलेलं आहे. आणि भरल्यावरही ती जागा आधीसारखी होत नाही, तिथे व्रण राहतो. पुढच्या वेळी कळा सुरू झाल्या की ताण सगळ्यात जास्त तिथेच येतो. पहिलं सिझर झालेल्या बाईने दुसऱ्या वेळी नॉर्मलचा प्रयत्न केला तर पिशवी त्या जागी उसवण्याचा धोका एकूण कमीच असतो, शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण दोन डिलिव्हऱ्यांमध्ये दीड वर्षापेक्षा कमी अंतर असेल तर तो शंभरात दोनाच्या पुढे जातो असं दिसलंय. ध्यानात घ्या, इथलं दीड वर्ष मात्र डिलिव्हरी ते डिलिव्हरी असं मोजतात! म्हणजे बाळ नऊ महिन्यांचं व्हायच्या आत पुन्हा दिवस राहिले तर त्या रेषेच्या अलीकडेच डिलिव्हरी होते. मग डॉक्टर बहुधा नॉर्मलचा प्रयत्न करायला तयार होत नाहीत, आणि दुसरं सिझर ठरतं.

"मग करू की सिझर, त्यात काय" असं म्हणणारे भेटतात. त्यात असं आहे की प्रत्येक सिझरनंतर पुढच्या वेळी वार त्या व्रणावर चिकटण्याची शक्यता वाढत जाते. वार खाली असेल आणि जुन्या व्रणात रुतून बसली असेल तर डिलिव्हरीच्या वेळी ती सुटत नाही, रक्त थांबत नाही, आणि बाईला वाचवायला कधीकधी पिशवीच काढावी लागते. म्हणून सिझर झालेल्या बाईने पुढच्या गरोदरपणात पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत "वार कुठे आहे, जुन्या टाक्यांवर तर नाही ना" हे मुद्दाम विचारायचं. आणि पहिल्या वेळचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायचं, लग्नाच्या अल्बमइतकंच जपून, कारण छेद पिशवीच्या खालच्या भागात आडवा घेतला होता की वरच्या भागात उभा, टाके वाढवावे लागले का, रक्त चढवलं का, सिझर कशासाठी केलं, हे सगळं त्यावर लिहिलेलं असतं आणि पुढच्या डॉक्टरला नेमकं तेच हवं असतं. उभा छेद असेल तर कितीही गॅप ठेवली तरी नॉर्मलचा विचार करत नाहीत.

हे सगळं एका उदाहरणावर लावून बघू. समजा मनीषा, वय २८, सांगलीकडची, पहिलं सिझर १० मार्च २०२४ ला झालं. बाळ नऊ महिन्यांचं झालं तेव्हा गोवर-रुबेलाच्या इंजेक्शनला ती उपकेंद्रात आली, डिसेंबर २०२४. पाळी सातव्या महिन्यात परत आली होती. घरचे म्हणतायत की लागोपाठ दोन झाली की मोकळी होशील. सिस्टरने बोटातून रक्त घेऊन एचबी बघितलं तर ९.४, वजन ४८ किलो.

समजा तिने घरच्यांचं ऐकलं आणि त्याच महिन्यात दिवस राहिले. मग डिलिव्हरी येते सप्टेंबर २०२५ ला, दोन डिलिव्हऱ्यांत अठरा महिने, म्हणजे बरोबर त्या रेषेवर. आणि एचबी ९.४ घेऊनच गरोदरपण सुरू, जिथे गरोदर बाईचं ११ च्या खाली गेलं तरी आपण रक्त कमी म्हणतो. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं त्यामुळे एचबी मधल्या महिन्यांत अजून थोडं उतरतंच, ते ८.५ किंवा त्याच्याही खाली जाईल. मग इंजेक्शनने लोह द्यावं लागेल, कदाचित शेवटी रक्त चढवावं लागेल. आणि डिलिव्हरीच्या वेळी जास्त रक्त गेलं तर ११ एचबीची बाई जे सोसते ते ८ ची सोसू शकत नाही.

आता दुसरा रस्ता. डिसेंबरपासून मनीषाने लोहाच्या रोज दोन गोळ्या सुरू केल्या, डॉक्टरांना विचारूनच. ४८ किलोच्या बाईचं ९.४ वरून १२ करायचं आणि वर साठाही भरायचा तर साधारण ८०० मिलीग्रॅम लोह अंगात जायला हवं. गोळीतलं सगळं काही रक्तात जात नाही, थोडाच भाग जातो, त्यामुळे याला पाच-सहा महिने लागतात, पंधरा दिवसांच्या कोर्सने होत नाही. महिन्याने पुन्हा तपासलं तर एचबी किमान एकाने वाढलेलं दिसायला हवं. नाही वाढलं तर आधी बघायचं की गोळी खरंच पोटात जातेय का आणि कशाबरोबर जातेय, कारण चहासोबत घेतली तर फुकट जाते, कॅल्शियमच्या गोळीसोबत घेतली तरी तसंच, दोन्हींत दोन तासांचं अंतर हवं. लिंबाचं सरबत किंवा आवळा सोबत असेल तर उलट जास्त शोषली जाते. शी काळी होते त्याला घाबरून बऱ्याच जणी सोडतात, ती काळी होणारच, त्यात काही वाईट नाही. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या, बंद नका करू. हे सगळं नीट करूनही आकडा हलत नसेल तर जंत, पाळीत जास्त रक्त जाणं, किंवा थॅलेसेमिया मायनर, सिकल सेल यांची तपासणी करायला हवी, विदर्भात आणि नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकल सेल बराच आहे.

मार्च २०२५ पर्यंत मनीषाचं एचबी १२ झालं. इथे बहुतेक जणी थांबतात, पण आता कुठे रक्तातलं लोह भरलंय, साठा अजून रिकामाच आहे, म्हणून अजून तीन महिने गोळी चालू ठेवायची. जून २०२५. पहिल्या डिलिव्हरीला पंधरा महिने झाले, एचबी चांगलं, साठा भरला. या क्षणी दिवस राहिले तर डिलिव्हरी मार्च २०२६ ला, दोन डिलिव्हऱ्यांत बरोबर दोन वर्षं, म्हणजे व्रणाच्या बाजूनेही बरं. पण वय २८ आहे, घाई कशाचीच नाही, त्यामुळे मी तिला सांगेन की सप्टेंबर २०२५ च्या आधी नको, आणि मार्च २०२६ पर्यंत थांबलीस तर उत्तम. तेव्हा दिवस राहिले तर डिसेंबर २०२६ ला दुसरं बाळ येईल, पहिलं पावणेतीन वर्षांचं असेल, स्वतःच्या हाताने जेवणारं, चालणारं, आणि त्याचं अंगावरचं दूधही दोन वर्षं पूर्ण झालेलं असेल. ठरवायच्या महिनाभर आधीपासून फॉलिक ॲसिड सुरू करायचं, कारण बाळाचा मेंदू आणि मणका ज्यापासून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांतच बंद होते, तोवर पाळी चुकल्याचं आत्ता कुठे लक्षात येत असतं.

हीच मनीषा २८ ऐवजी ३७ ची असती तर? तर मी तिला जून २०२५ लाच हो म्हटलं असतं. पस्तिशीनंतर प्रत्येक वर्षाला दिवस राहणं अवघड होत जातं आणि गर्भपाताची शक्यता वाढते, त्यामुळे दोन-दोन वर्षं थांबणं तिला महाग पडू शकतं. पण मोठ्या वयात घाई जास्त म्हणून सहा महिन्यांतच दुसरं, हेही बरोबर नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियामध्ये २०१८ साली आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की सहा महिन्यांच्या गॅपने बाळंत होणाऱ्या पस्तिशीपुढच्या बायकांना स्वतःला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण अठरा महिन्यांच्या गॅपपेक्षा दुपटीहून जास्त होतं. एकूण आकडा लहानच, पण धोका आईच्या जिवाला. म्हणून या वयात साधारण एक वर्ष थांबा, एचबी, बीपी, शुगर, थायरॉइड तपासा आणि मग पुढे जा, हा मधला रस्ता मला पटतो.

बरं, थांबायचं ठरवलं तरी थांबायचं कसं? कारण पाठोपाठ दिवस राहणाऱ्यांत ठरवून राहणाऱ्या कमी आणि "कळलंच नाही" वाल्या जास्त असतात. सगळ्यात मोठा गैरसमज हा की अंगावर पाजतेय आणि पाळी आली नाही म्हणजे दिवस राहणारच नाहीत. हे खरं आहे, पण तीन अटींवर. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी अजिबात आलेली नको, आणि बाळाला फक्त अंगावरचं दूध हवं, दिवसा चार तासांपेक्षा आणि रात्री सहा तासांपेक्षा जास्त खंड न पडता. तिन्ही पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी सुरक्षित राहतात. पण आपल्याकडे गुटी सुरू असते, वरचं पाणी असतं, एखादी बाटली असते, त्यामुळे तिसरी अट कधी मोडली ते कळतही नाही. आणि बीज पाळीच्या आधी तयार होतं, म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी यायच्या आधीच दिवस राहू शकतात, मग बाई "मला तर पाळीच नाही अजून" म्हणत राहते आणि चौथ्या महिन्यात पोट दिसायला लागतं. अंगावर अजिबात पाजत नसेल तर तीन आठवड्यांपासूनच गर्भनिरोधाचं साधन हवं.

आपल्याकडे मुलगी बाळंतपणाला माहेरी येते आणि दोन-तीन महिन्यांनी सासरी जाते. साधन ठरवायची वेळ म्हणजे त्या जाण्याच्या आधी, नंतर नाही. सासरी गेल्यावर दवाखान्यात कोण नेणार, कुणाला विचारायचं, यातच सहा महिने जातात. सगळ्यात सोपं म्हणजे डिलिव्हरीनंतर ४८ तासांत दवाखान्यातच तांबी बसवून घेणं, सिझरमध्ये तर तिथल्या तिथे बसवता येते. ती राहून गेली तर सहा आठवड्यांनी बसवतात. पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशा दोन मिळतात, पण हवं तेव्हा काढता येते आणि काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात, त्यामुळे दोन-अडीच वर्षांच्या गॅपला ती अगदी चपखल बसते. दुधावर काही परिणाम नाही. पाळीत रक्त थोडं जास्त जाऊ शकतं, म्हणून एचबी कमी असलेल्या बाईने तांबीसोबत लोहाची गोळी सोडायची नाही.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं, पाजणाऱ्या बाईला सहा आठवड्यांनंतर देतात. त्यात पाळी पुढेमागे होते किंवा बंदच होते, त्याने अपाय होत नाही, पण आधी सांगितलं नाही तर बायका घाबरून सोडतात. एक लक्षात ठेवा, शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून ज्यांना वय बघून लवकर दुसरं हवंय त्यांनी हे निवडताना तेवढे महिने आधीच हिशोबात धरा. छाया गोळीत हार्मोन नाहीत, पाजताना चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा, ठरलेल्या वारीच. माला-एनसारख्या नेहमीच्या गोळ्या मात्र पाजताना पहिले सहा महिने नकोत. आणि निरोध आहेच, पण तो प्रत्येक वेळी वापरला तरच, आणि ती जबाबदारी नवऱ्याने घ्यायला हवी. ही सगळी साधनं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, आशा ताईला विचारलं तरी ती घेऊन जाते.

एवढं करूनही पाठोपाठ दिवस राहिलेच तर? पहिलं काम म्हणजे लपवायचं नाही. लवकर नाव नोंदवा, पहिल्याच तपासणीत एचबी करून घ्या, आणि मागच्या डिलिव्हरीची तारीख सांगा, नुसतं "पहिलं लहान आहे" म्हणू नका. सिझर झालेलं असेल तर ऑपरेशनची आणि रक्ताची सोय असलेल्या दवाखान्यातच डिलिव्हरी ठरवा, आणि शेवटच्या महिन्यांत जुन्या टाक्यांच्या जागी सतत दुखायला लागलं, कळ थांबली तरी दुखणं थांबत नसेल, किंवा अंगावरून रक्त गेलं तर घरी वाट बघत बसायचं नाही, लगेच निघायचं. पहिल्या बाळाचं दूध लगेच तोडायची गरज नाही, गरोदरपण सुरळीत असेल तर पाजता येतं, मात्र आधी वेळेपूर्वी डिलिव्हरी झालेली असेल किंवा रक्त जात असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि मूल ठेवायचं नसेल तर साधन फेल गेलं या कारणाने २० आठवड्यांपर्यंत कायदेशीर गर्भपात करता येतो, मान्यताप्राप्त केंद्रात. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून घेणं सिझर झालेल्या बाईला तर फारच धोक्याचं आहे. गर्भपातानंतर दोन आठवड्यांतच पुन्हा बीज तयार होऊ शकतं, त्यामुळे साधन त्याच दिवशी ठरवून या.

गर्भ आपोआप पडला असेल तर हिशोब वेगळा. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने थांबायला सांगते, पण नंतर स्कॉटलंडमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात सहा महिन्यांच्या आत दिवस राहिलेल्या बायकांचं काही वाईट झालं नाही, उलट बरंच दिसलं. म्हणून आता बरेच डॉक्टर एक-दोन नीट पाळ्या येऊन गेल्या, एचबी चांगलं आहे आणि मन तयार आहे असं बघून हो म्हणतात. फक्त द्राक्षगर्भ, म्हणजे वारेची द्राक्षांच्या घडासारखी भलती वाढ, असेल तर रक्तातलं गरोदरपणाचं हार्मोन पूर्ण उतरून डॉक्टर सांगतील तितके महिने जाईपर्यंत दिवस राहू द्यायचेच नाहीत, नाहीतर तो आजार परत आलाय की हे नवं गरोदरपण आहे, हेच ओळखू येत नाही.

आणि गॅप फार मोठी झाली तर? पाच वर्षांच्या पुढे गेलं की शरीर जवळजवळ पहिलटकरणीसारखं वागतं, म्हणजे पहिल्या वेळी जास्त आढळणारा बीपी वाढण्याचा आणि लघवीतून प्रथिनं जाण्याचा त्रास पुन्हा तितकाच संभवतो. "पहिलं सोपं गेलं होतं" म्हणून अशा बायका तपासणीला उशिरा येतात. आठ वर्षांनी दुसरं होणार असेल तर बीपी दर भेटीत मोजून घ्या, पाचव्या महिन्यानंतर डोकं सारखं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा.